एका नंबरावर एकच नाव

बुलढाण्याच्या आमच्या वाचनालयाची नवी यादी संगणकावर चढवताना तिथल्या तरुण मदतनीस धम्मदीपने विचारलं, "काका, एका मोबाइल नंबरावर एकच सभासद असते ना?" मी निवृत्त ग्रंथपाल. खात्री नव्हती, तरी हो म्हणालो.

त्याने संगणकाला दिलेली आज्ञा साधी होती. नंबर नवा असेल तर नवी ओळ घालायची. आधीचा असेल तर त्याच ओळीतलं नाव बदलायचं.

माझी बायको धम्मशीला वारल्यापासून तिचा नंबर मीच वापरतो. मी यंदाच सभासद झालो, तोच नंबर देऊन. यादी चढली आणि संगणकातल्या तिच्या जुन्या ओळीत तिच्या नावाच्या जागी माझं नाव आलं. नव्या यादीत अभिप्रायाचा रकाना नव्हता, म्हणून पुस्तकांवरचे तिचे अभिप्राय तेवढे तसेच राहिले. "शेवट घाईचा वाटला," हे तिचं वाक्य आता माझ्या नावापुढे होतं.

"काकूचं नाव परत टाकतो," धम्मदीप म्हणाला. "पण तुमचं यादीत राह्यलं, तर पुढच्या वेळी काकूचं पुन्हा जाईन."

मी यादीतलं माझं नाव खोडलं. आता पुस्तकं तिच्या नावावर आणतो.