बैलाच्या पोटातली पोकळी

उमरग्यात शिवलीला थ्रीडी प्रिंटिंग करायची. रणधीर नावाचं अनोळखी गिऱ्हाईक बैलाच्या मूर्तीची फाइल घेऊन आलं.

"आतून पोकळच हाय, ताई. फक्त उभी चिरून दोन भाग करा."

तिनं संगणकावर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बैलाच्या डाव्या अंगावर मोठा ठोकळा बसवला आणि बूलियनमधलं डिफरन्स, म्हणजे वजाबाकी, निवडलं. ठोकळ्यात सापडलेला अर्धा बैल वजा झाला. उरलेल्या अर्ध्यात पोकळी उघडी पडली. नळी, चाप, मूठ. पिस्तूल नेमकं बसेल असा साचा होता तो.

"ह्यात काय ठेवणार?" तिनं विचारलं.

"प्रसाद," तो हसला. "आता दुसरा भागबी करा."

"हे माझ्याकडनं व्हणार न्हाय." तिनं फाइल बंद केली.

रणधीर शांतपणे उठला आणि त्यानं दुकानाचं शटर आतून खाली ओढलं.