"छान, पुढचा"

सातवी ब मध्ये मराठीचा तास चालू होता. विषय दिला होता, 'माझं आवडतं माणूस'. मुलं एकेक करून उभी राहून वाचत होती आणि शिवानी टेबलाखाली मोबाईल धरून सरकारी पोर्टलवर मुलांची माहिती भरत होती. एका मुलाचं आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नव्हतं. चौथ्यांदा एंट्री नाकारली गेली होती.

रसिकाने वाचून संपवलं.

"छान, पुढचा," शिवानी म्हणाली.

कोणीच उठलं नाही. तिने मान वर केली. पहिल्या बाकावरचा आर्यन हळूच म्हणाला, "मॅडम, तिच्या आजोबांवरच होतं ते. गेल्या आठवड्यात वारले ना."

रसिका बसली होती, वही मिटून. शिवानीच्या आत काहीतरी हलायला हवं होतं. ते हललंच नाही. डोक्यात एवढंच आलं की बेल व्हायच्या आत एंट्री झाली पाहिजे. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आल्यावर मात्र तिने डबा उघडलाच नाही.

मोहने गावातल्या या शाळेत शिक्षणसेवक म्हणून तिचं दुसरं वर्ष चालू होतं. तिसरं पार पडल्याशिवाय कायम होणार नव्हती, म्हणून ती कशालाच नाही म्हणत नसे. वर्गशिक्षिका, पोषण आहाराची नोंद, शिष्यवृत्तीचे जादा तास, मुलांच्या आयडीचं पोर्टल, शिवाय मतदारयादीचं काम. त्यासाठी रविवारी चाळीचाळीतून फिरायचं. तिच्यासोबत लागलेला सुशांत दिवाळीनंतर खाजगी क्लासला निघून गेला. त्याचे तासही तिलाच मिळाले.

"मला शाळा सोडायचीय," ती उत्तराबाईंना म्हणाली. उत्तराबाई गणिताच्या, शाळेतल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी डबा बाजूला ठेवला.

शिवानीने रसिकाचं सांगितलं. मग म्हणाली, "वाईट वाटलं नाही हो मला. काहीच वाटलं नाही. मी आलेले ना इथे, तेव्हा एकेका मुलाचं घर बघून यायचे."

"झोपतेस किती?"

"वह्या तपासून होतील तेव्हा."

"सगळ्यांच्या? रोज?" उत्तराबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "मी पण असंच केलं होतं गं. सहा महिने घरी बसावं लागलं. वर्गात शिरायच्या नुसत्या विचाराने छातीत धडधडायचं. तेव्हा मला कोणी विचारलं नाही. चल, सरांकडे."

मुख्याध्यापक सुधीर सर फोनवर कुणाला तरी 'हो साहेब, आजच पाठवतो' म्हणत होते. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"मतदारयादीचं काम माझ्या हातात नाही, शिवानी. ते वरूनच येतं."

"मग जे हातात आहे ते बोला ना," उत्तराबाई म्हणाल्या. "शिष्यवृत्तीचे तास मी घेते. पोर्टल एकटीनेच का? प्रत्येक वर्गाने आपलं भरावं."

"लोक कुरकुर करतील."

"करू देत. ही पण गेली तर मराठी कोण शिकवणार?"

सरांनी पोर्टलचं काम वाटून दिलं. दोघंतिघं शिक्षक शिवानीशी आठवडाभर धड बोलले नाहीत.

बाकीचं तिलाच ठरवायचं होतं. तासाला जाताना मोबाईल कपाटात. रोज एकाच वर्गाच्या वह्या. शुद्धलेखन मुलांनीच एकमेकांचं तपासायचं, निबंध तेवढे ती बघणार. संध्याकाळी घरी पोचल्यावर शाळेचा ग्रुप बंद. पहिल्याच संध्याकाळी ती तीनदा मोबाईलकडे गेली, आणि सकाळी ग्रुपवर सरांचा मेसेज होता, 'सातवी ब वर्गाची माहिती अजून आली नाही.' तरी मोबाईल कपाटात ठेवून ती आधी तासाला गेली.

तास संपल्यावर तिने रसिकाला थांबवलं.

"त्या दिवशी मी ऐकलंच नाही. माझं चुकलं. परत वाचशील? फक्त मला?"

"फाडलं मॅडम ते." रसिका खिडकीकडे बघत होती.

"मग सांग तरी. कसे होते आजोबा?"

"नको." ती दप्तर उचलून निघून गेली.

शिवानी रिकाम्या वर्गात बसून रडली. कितीतरी महिन्यांनी. त्यात तिला थोडं बरंही वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

मतदारयादीचे रविवार चालूच राहिले. एखाद्या दिवशी वर्गाच्या दारात पाय जड व्हायचे. एखाद्या दिवशी मात्र कविता शिकवताना तास कधी संपला ते कळायचं नाही. रसिका विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची.

वार्षिक परीक्षेआधी ती एकदा स्वतःहून टेबलाशी आली. "सुशांत सर न सांगताच गेले. तुम्ही पण जाणार का?"

'नाही गं' हे शब्द शिवानीच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले.

"पुढच्या वर्षाचं मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "पण जायचं ठरलं तर तुम्हाला आधी सांगेन."

रसिकाने जरा विचार केला. "चालेल," ती म्हणाली, आणि आपल्या बाकावर जाऊन बसली.