भटूच्या दुकानातून आलेले अर्ज

आपल्या कामात कुणी खोट काढलेली हेमांगीला खपत नसे. जळगावच्या एका मुलींच्या वसतिगृहात प्रवेशाचं काम ती पाहायची; तिथे अर्ज ईमेलने येत. गेल्या वर्षी ते उतरवून घेताना घोळ झाला होता. दोघींच्या फाइलचं नाव एकच, त्यामुळे दुसरी पहिलीच्या जागी बसली आणि पहिली पुसली गेली. म्हणून यंदा हेमांगीने स्वतः प्रोग्रॅम लिहिला. उतरणाऱ्या प्रत्येक फाइलच्या नावाआधी तारीख आणि पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता आपोआप लागायचा. आता एकही अर्ज हरवणार नाही, असं तिने विश्वस्तांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

यादी लागली त्या दिवशी पारोळ्याकडून मंदाबाई मुलीला, दीपमालाला, घेऊन आल्या. यादीत तिचं नाव नव्हतं. वसतिगृह मिळालं नाही तर कॉलेज बंद, असं बापाने बजावलं होतं. मार्क तर भरपूर होते. हेमांगीने फोल्डर पाहिलं आणि अर्ज आलेलाच नाही म्हणून सांगितलं. गावातल्या भटूच्या झेरॉक्स-इंटरनेटच्या दुकानातून शेवटच्या दिवशी पाठवला, आम्ही सगळ्या मुली तिथेच होतो, असं दीपमाला पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

"मावशी, मुलीला नीट विचारा," हेमांगी म्हणाली. "न पाठवता पाठवला म्हणणाऱ्या मुली दरवर्षी येतात."

मायलेकी बाहेर गेल्या. हेमांगीने मूळ इनबॉक्स उघडला, तोही आपलंच खरं आहे याची खात्री करायला. तिथे एकाच तारखेला, भटूच्या एकाच पत्त्यावरून, ओळीने सात मेल होते. प्रत्येकाला जोडलेल्या फाइलचं नाव तेच, स्कॅनरने दिलेलं ‘scan’. फोल्डरमध्ये मात्र त्यातली एकच फाइल होती, शेवटची. खेड्यात अख्खी आळी एकाच दुकानाच्या पत्त्यावरून मेल पाठवते, हे धुळ्याजवळच्या खेड्यातच वाढलेल्या हेमांगीला सुचलं नव्हतं. तिने नावात वेळही घातली, आणि तरीही तेच नाव आधीपासून असेल तर पुढे आकडा लागेल अशी सोय केली. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. सातही अर्ज उतरले, त्यात दीपमालाचाही होता.

हेमांगी धावतच बाहेर आली. फाटकाशी मंदाबाई हात जोडून उभ्या राहिल्या. दीपमालाच्या गालावर बोटं उमटली होती.

"पोर खोटं बोलनी, ताई," मंदाबाई म्हणाल्या. "आतेच मारं मी तिले. तुमी राग नका धरा."

धरणीने पोटात घ्यावं असं हेमांगीला झालं.

"ती खरंच बोलत होती," ती कशीबशी म्हणाली. "चूक माझी आहे. अर्ज आला होता, माझ्याच कामात पुसला गेला. यादी मी आत्ता बदलून घेते."

मंदाबाईंचे जोडलेले हात सुटले. त्यांनी मुलीच्या गालाकडे हात नेला, तशी दीपमाला एक पाऊल मागे सरकली.