फोटोतली नववी आवृत्ती

करकायद्याचं गाइड नवं घ्यायचं तर परवडत नव्हतं आणि जुनं घ्यायचं तर धास्ती. कायदा दर वर्षी बदलतो. मागची आवृत्ती पाठ करून परीक्षेला बसलं, तर चुकीची उत्तरं अगदी ठामपणे लिहून येतात. धाकटी याच विषयात एकदा आपटली होती आणि या खेपेला शेवटची संधी होती.

शेजारच्या खोलीतली चुलत बहीण, म्हणजे ताई, ही परीक्षा कधीच पार करून नोकरीला लागली होती. तिनेच मोबाइलवर जुन्या पुस्तकांच्या अ‍ॅपमधलं एक दुकान दाखवलं. नाव ‘अभ्यासमित्र’.

"माझी सगळी पुस्तकं इथलीच. माणूस एकदम सरळ आहे."

तरी धाकटीने ग्राहकांनी दुकानाला दिलेल्या नुसत्या तारकांवर भरवसा ठेवला नाही. विक्रेत्याकडे मुखपृष्ठाचा फोटो मागितला, आवृत्ती आणि साल छापलेल्या पानाचा मागितला, शिवण दिसेल असा आणि सगळ्यात जास्त रेघोट्या असलेल्या पानाचाही.

"लग्नाची मुलगी बघतेयस का गं?" ताई हसली.

फोटो आले. नववी आवृत्ती, शिवण घट्ट, पेन्सिलीच्या चार रेघा. धाकटीने पैसे भरले. पुस्तक ठीक मिळालं असं तिने कळवेपर्यंत ते अ‍ॅपकडेच राहणार होते.

पाकीट आलं तेव्हा ताई ऑफिसला निघाली होती. चपला घालता घालता म्हणाली, "दाब ना ‘ठीक मिळालं’. बिचाऱ्याचे पैसे कशाला अडकवतेस?"

"उघडून तर बघू दे."

"म्हणजे माझ्या शब्दाला काही किंमतच नाही!"

धाकटी ओशाळली. तिने बटण दाबलं आणि मग पाकीट फाडलं.

आत सातवी आवृत्ती होती. शिवण सुटलेली. तिने पानं उलटली, आणि कर-सवलतींच्या धड्यात समासात तिला एक बदक दिसलं. चष्मा लावलेलं, गळ्यात टाय. ताई याच पुस्तकातून अभ्यास करत असताना शेजारी लोळून धाकटीनेच ते काढलं होतं. ‘हा तुझा साहेब,’ असं त्याच्याखाली तिच्याच अक्षरात होतं. त्यावर दोघी पोट दुखेपर्यंत हसल्या होत्या.

तिने ताईला फोन लावला. कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. अ‍ॅपकडे तक्रार केली, तर उत्तर आलं की आपण पुस्तक ठीक मिळाल्याचं कळवलं असल्याने पैसे विक्रेत्याला दिले आहेत.

मग तिने दुकानाच्या पानावर लिहिलं: ‘फोटोत नववी, पाकिटात सातवी. घेऊ नका.’ ताईचं नाव काही तिच्याच्याने लिहवलं नाही.

संध्याकाळी ताई घरी आली आणि तडक आपल्या खोलीत गेली. भिंतीपलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, पंखा सुरू झाला. धाकटी उठली आणि ताईच्या दारापर्यंत गेली. तेवढ्यात हातातला मोबाइल थरथरला. अभ्यासमित्रने उत्तर दिलं होतं.

‘आदरणीय ग्राहक, आपण पुस्तक तपासूनच स्वीकारले आहे. कृपया आमची बदनामी करू नये.’

धाकटी दारातूनच मागे फिरली.