आठवड्याला साठ

तीन महिन्यांत सातशे ऐंशी पुस्तकं बांधून द्यायची होती. ग्रंथालयाचं काम वेळेत झालं तर पुढच्या वर्षाचंही आपल्यालाच मिळणार होतं. बाइंडिंगचं दुकान धाकट्या बहिणीचं. हाताखाली माणसं दोनच: रोजावर शिवण घालणाऱ्या मावशी आणि पुठ्ठे चढवणारा कारागीर.

बहीण म्हणाली, "दादा, तू एवढा वाचतोस, जरा आठवड्यांची वाटणी करून दे."

मी तेराने भागलं. साठ. तक्ता भिंतीवर लागला. मावशींना काही विचारावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. आलं असतं तरी धीर झाला असता की नाही, कोण जाणे.

आठ आठवडे साठ-साठ पुस्तकं बाहेर पडली. कारागीर टिचकी वाजवून म्हणायचा, "तक्ता खूश, मालकीणबाई खूश!"

नवव्या सोमवारी मावशींनी सुई खाली ठेवली. "दादा, जरा मागच्या खोलीत या."

तिथे तीनशे पुस्तकं उरली होती, सगळी जाडजूड. साठचा आकडा गाठायला कारागिराने आधी बारीक पुस्तकंच उचलली होती. मीही येता-जाता ते पाहिलं होतं.

"बारक्या पुस्तकात घडीच्या पानांचे दहा जुडगे, म्हणजे दहा फर्मे, यात तीस," मावशी म्हणाल्या. "प्रत्येक फर्मा मी हाताने शिवते. दिवसाला शंभर होतात, फार नाही. तुम्ही पुस्तकं मोजलीत. टाके कोण मोजणार?"

मी कागद घेऊन बसलो. आठवड्याला सहाशे फर्मे, म्हणजे तेरा आठवड्यांत सात हजार आठशे. काम मात्र तेरा हजार आठशेचं. फर्मे मोजले असते तर पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं, आणि बहिणीने निम्मंच काम घेतलं असतं किंवा शिवणीला आणखी एक बाई ठेवली असती. आता पाच आठवड्यांत जेमतेम शंभर पुस्तकं होणार होती. शिकाऊ बाईचा हात बसायलाच महिना जातो.

मी कागद बहिणीपुढे ठेवून सगळं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

तिने तिथूनच ग्रंथालयात फोन लावला. "होय साहेब, दोनशे राहतील... नाही, चूक आमचीच." मग पलीकडचं ऐकून घेतलं. फोन ठेवून म्हणाली, "उरलेली परत मागतायत. पुढचं वर्ष दुसऱ्याला."

पुढच्या तिमाहीसाठी किरकोळ कामंच हाती होती. या वेळी मी आधी मावशींपाशी बसलो, एकेक पुस्तक उघडून फर्मे मोजले, सुट्ट्या वजा केल्या. आठवड्याला तीनशे निघाले.

मावशींनी कागद डोळ्यांजवळ धरला. "आता बरोबर आहे." तो परत देत त्यांनी विचारलं, "म्हणजे मी तीनच दिवस यायचं ना?"

बहीण खळीच्या डब्याचं झाकण लावत होती. तिने मान वर केली नाही. मीच "हो" म्हणालो.