दहा हजार किंवा बारा महिने

दाजींनी गाडी गॅरेजच्या दारात लावली आणि फोन माझ्यासमोर धरला. "तुझा मेसेज आला. सर्व्हिसिंगची वेळ झाली म्हणे."

मी मीटर पाहिला. गेल्या सर्व्हिसिंगपासून शंभर दिवसांत जेमतेम बाराशे किलोमीटर. मला माझाच राग आला.

आमचा हिशेब सोपा. दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, जे आधी होईल ते. गाडी रोज सरासरी किती पळते ते कॉम्प्युटर मागच्या दोन नोंदींवरून काढतो, त्यावर पुढची तारीख बांधतो आणि मेसेज धाडतो. ताईची गाडी रोजची फार तर पंधरा किलोमीटर, त्यामुळे नेहमी बारा महिनेच आधी भरायचे.

गेल्या खेपेला मात्र साडेतीन महिन्यांतच दहा हजार झाले. रोजचे जवळजवळ शंभर! दाजी एकटेच आले होते. मी म्हणालो, "काय हो दाजी, दुसऱ्यांदा मधुचंद्र की काय? ताईला एवढं कुठे फिरवताय?" ते हसले. मीही हसलो आणि ऑइल बदलायला घेतलं.

त्यानंतर बाराव्या दिवशी ताई गेली. सत्तर किलोमीटरवरच्या दवाखान्यात उपचार चालले होते, आठवड्यातून पाच फेऱ्या. मला कळू द्यायचं नाही अशी तिची ताकीद होती. मी तापट, गॅरेज सोडून धावत सुटेन म्हणून. सुटलोच असतो! जगाच्या गाड्यांचे आकडे वाचून दुखणं सांगणारा मी, आणि घरचाच आकडा वाचता आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कॉम्प्युटरला यातलं काय ठाऊक? त्याने रोजचे शंभर धरून मेसेज पाठवला. नवा आकडा टाकायचं काम माझं होतं. माझ्याच्याने तिची नोंद उघडवत नव्हती.

आता उघडली. आकडा टाकला, तशी तारीख साडेआठ महिने पुढे गेली.

"सर्व्हिसिंगला अवकाश आहे," मी म्हणालो. "आता बारा महिनेच आधी भरतील. पण बॅटरी उतरायला लागलीय. उभी ठेवू नका, आठवड्यातून एकदा तरी चालवा."

दाजी किल्ली हातात फिरवत राहिले. "चालवतो रे. पण नेऊ कुठे?"

मला हुंदका आवरला नाही. तेही रडले, बॉनेटवर हात टेकून.

"इथे आणा," मी म्हणालो. "दर रविवारी. घरापासून आठ किलोमीटर, येऊन-जाऊन सोळा."

"एवढ्याने बॅटरी राहील?"

"राहील. आणि आकडा वाढला ना, दाजी, तर या वेळी मी थट्टा करणार नाही. विचारीन."