थांब म्हणणारा हात

भाओजींना कुणी दगा दिला तर आपण त्याचं नरडं धरू, असं धाकटी नेहमी म्हणायची. तो दगा आपल्याच हातून व्हायचा आहे हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आई-बाप गेले तेव्हा ताई तिला स्वतःच्या घरी घेऊन आली. भाओजी म्हणाले, "दोन ताटांना तिसरं काही जड नाही." पुढे कारखान्यात नोकरीलाही त्यांनीच लावलं. छताखालच्या रुळांवरून धावणारी मोठी क्रेन भाओजी वरच्या केबिनमध्ये बसून चालवत, आणि खालून हाताचे इशारे द्यायला त्यांनी हिला उभं केलं. लोकांनी नाकं मुरडली. भाओजी म्हणाले, "हात बाईचा की बाप्याचा, मला काय करायचंय? दिसला म्हणजे झालं!" बोट वर करून फिरवलं की माल उचल, खाली करून फिरवलं की उतरव. हुकूम एकाच माणसाचा. फक्त 'थांब' हा इशारा झाडूवाल्याने केला तरी क्रेन जागच्या जागी उभी राहिली पाहिजे. दोन्ही हात पसरून, तळवे जमिनीकडे, जोरजोरात हलवायचे. हे सगळं तिला त्यांनी स्वयंपाकघरात, पळी हातात घेऊन शिकवलं होतं.

आणि एक दिवस जिन्यात थांबून तेच म्हणाले, "डाव्या डोळ्यापुढे पडदा आलाय गं. डॉक्टर म्हणतो, गेलेलं परत येत नाही. निवृत्तीला वर्ष राहिलंय, तेवढं सांभाळून घे. ताईला कळू देऊ नकोस."

नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? तेव्हापासून ती कायम त्यांच्या उजव्या हाताला उभी राहायची. डाव्या बाजूला माणूस असला की आधी त्याला हाकलायची, मगच इशारा. लोक म्हणायचे, काय कडक बाई आहे! बाई कडक नव्हती, बाई घाबरलेली होती.

त्या दिवशी नवं यंत्र शेडच्या डाव्या कोपऱ्यात बसवायचं होतं. साहेबांनी इशाऱ्याला जाड्या नावाच्या मदतनिसाला उभं केलं आणि धाकटीच्या हातात दोर दिला, लोंबतं यंत्र गरकन फिरू नये म्हणून धरायचा. "साहेब, इशारा मीच देते," ती म्हणाली. "का, जाड्याला हात नाहीत?" साहेब म्हणाले. सगळे हसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. तिने दोर घट्ट धरला.

यंत्र डावीकडे निघालं. खांबाजवळ फिटर वाकून बोल्ट बघत होता. जाड्याने डावीकडून 'थांब'चा इशारा केला. क्रेन थांबेना. जाड्या पुन्हा हात करतोय, क्रेन सरकतेच आहे. यंत्र आणि खांब यांच्यामध्ये तो बिचारा!

धाकटीने दोर सोडला, धावत उजवीकडे आली आणि दोन्ही हात पसरले.

क्रेन तिथल्या तिथे थांबली. यंत्र झुललं, स्थिर झालं. फिटर सरपटत बाहेर आला.

"काय झालं?" साहेब ओरडले. "जाड्या, इशारा चुकवलास?"

जाड्याचं तोंड उतरलं. 'हो' म्हणण्याइतका तो गोंधळलेला होता. धाकटीने फक्त गप्प राहायचं होतं. भाओजींचं वर्ष निभावलं असतं, नोकरी गेली असती ती जाड्याची. भाओजी तोवर शिडी उतरून आले होते आणि मान पूर्ण वळवून तिच्याकडे बघत होते. ज्या माणसाने आपल्याला वाढवलं त्याच्यावर अशी वेळ आणायची?

"जाड्याचा इशारा बरोबर होता," ती म्हणाली. "भाओजींना डावीकडचं दिसत नाही. मला आधीपासून माहीत होतं. मीच लपवलं."

भाओजींना त्याच दिवशी क्रेनवरून उतरवलं, आणि धाकटीलाही घरी बसवलं. फिटर येऊन तिचे हात धरून रडला. तिला धड आनंदही होईना. वेळेवर तोंड उघडलं असतं तर त्याच्यावर ही वेळच आली नसती.

घरी ताईने ताट आदळलं. "ज्याने पोसलं त्यालाच चव्हाट्यावर उभं केलंस? एक वर्ष गं, एकच वर्ष!"

"ताई, मी—"

"बोलू नकोस माझ्याशी!"

भाओजी जेवता जेवता थांबले. त्यांनी दोन्ही हात पसरले, तळवे जमिनीकडे, आणि बायकोसमोर जोरात हलवले. ताई दचकून थांबली.

"हा इशारा कुणीही केला तरी थांबायचं असतं," ते म्हणाले. "आज हिने केला म्हणून माझ्या हातून माणूस मेला नाही. राग मलाही आलाय, चार दिवस राहील. पण उपकार ते उपकार." मग धाकटीकडे न बघता म्हणाले, "उजवीकडे धावत आलीस ना?"

"तुम्हाला दिसावं म्हणून."

भाओजींनी मान हलवली. डाव्या बाजूचा पाट हाताने चाचपला आणि जवळ ओढला.

"आता इकडे बस," ते म्हणाले. "इकडे कुणीतरी लागेल मला."

ताईने डोळे पुसले आणि धाकटीचं ताट त्या बाजूला वाढलं. तिच्याशी बोलली मात्र नाही.